योग्य दर कळवावा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या लोणच्याच्या कारखान्यात खरेदी माझ्याकडे आहे आणि माझी तक्रार पुठ्ठ्याच्या खोक्यांबद्दल आहे. खोकी वाईट येतात अशी ती नाही. खोक्यांचे भाव मागवले की जी उत्तरं येतात, ती एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत, ही ती तक्रार आहे. ती छोटी आहे, हे मान्य. पण दर काही महिन्यांनी माझी एक अख्खी दुपार त्यात जाते आणि शेवटी जो निर्णय होतो तो बरोबर झाला का, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ती इथे नीट मांडतो.

प्रकार असा होतो. पाऊण किलोच्या बारा काचेच्या बाटल्या बसतील अशी दोन हजार खोकी हवी असतात. कारखाना घरचा आहे आणि मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. काका फोन काढतात आणि कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज इथल्या चार बॉक्सवाल्यांना एकच मेसेज धाडतात: ‘५ प्लाय बॉक्स, ३७५ × २८५ × १४५, २००० नग, योग्य दर कळवावा.’ मेसेज जायला अर्धा मिनिट लागतो. आणि मग उत्तरं येतात.

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं: ‘३२ रुपये, जीएसटी एक्स्ट्रा.’ दुसऱ्याचं लेटरहेडवर: ‘रु. ४३, पार्टिशन व छपाईसह, कारखाना पोहोच, ४५ दिवस उधारी, कर वेगळा.’ तिसरा खोक्याचा भाव देतच नाही. तो म्हणतो, ‘६२ रुपये किलो, वजन जे भरेल ते.’ छपाईच्या ठशाचे अडीच हजार वेगळे आणि अर्धे पैसे ऑर्डरबरोबर. चौथा ३४ रुपये ५० पैसे लिहितो, त्याखाली ‘साइज आउटर’ असं बारीक अक्षरात टाकतो आणि पूर्ण रक्कम आगाऊ मागतो. काका माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, “सगळ्यात कमी कोण?” त्यांना एक आकडा हवा असतो. माझ्यापुढे चार वेगवेगळ्या वस्तूंचे चार भाव असतात.

बॉक्सवाल्यांवर माझा राग नाही. त्यांना जेवढं विचारलं, तेवढ्याचं त्यांनी उत्तर दिलं. उरलेलं त्यांनी आपापल्या सोयीनं धरलं आणि प्रत्येकानं वेगळं धरलं. माझा राग ‘योग्य दर कळवावा’ या तीन शब्दांवर आणि ते तीन शब्द लिहिले की काम झालं असं मानण्यावर आहे.

सगळ्यात आधी ‘५ प्लाय’ घ्या. एवढं लिहिलं की खोकं ठरलं असं लोकांना वाटतं. पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर: बाहेरचा, मधला आणि आतला असे तीन सपाट, आणि त्यांच्यामध्ये दोन नालीदार, ज्यांना सगळे फ्लूट म्हणतात. त्या थरांचा कागद कोणता, हे या शब्दातून कळत नाही. क्राफ्ट कागदाला दोन आकडे असतात. एक जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. दुसरा बीएफ, म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागद दाबाखाली न फुटता किती तग धरतो याचं माप. १५० जीएसएम, १८ बीएफच्या कागदाचं खोकं पाच प्लायचंच, आणि १०० जीएसएम, १६ बीएफच्या कागदाचं खोकंही पाच प्लायचंच. दोन्हींत दगडाचा आणि विटेचा फरक आहे.

या फरकाचा हिशेब करता येतो, आणि बॉक्सच्या धंद्यात तो सगळ्यांना येतो. प्रत्येक थराचा जीएसएम आणि बीएफ यांचा गुणाकार करायचा, हजारनं भागायचं, सपाट थरांचं पूर्ण उत्तर धरायचं आणि फ्लूटचं निम्मं. पाचही थर १५० जीएसएम, १८ बीएफचे असतील तर तीन सपाट थरांचे ८.१ आणि दोन फ्लूटचे २.७ मिळून १०.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतात. ही झाली कागदावरची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ. प्रत्यक्ष चाचणीत ती सहसा थोडी कमी भरते, म्हणून एवढ्या कागदावर मी १० मागतो, १०.८ मागत नाही.

वजनाचाही हिशेब तसाच. आमच्या मापाच्या खोक्याला चिकटपट्टी आणि घड्यांची सूट धरून साधारण १३८० बाय ४५० मिलिमीटरचं शीट लागतं, म्हणजे ०.६२ चौरस मीटर. फ्लूटचा कागद नागमोडी असल्यामुळे जास्त लागतो. मी सरासरी १.४५ पट धरतो. मग शीटचं वजन चौरस मीटरला ८८५ ग्रॅम येतं आणि रिकामं खोकं साधारण ५५० ग्रॅमचं होतं. आता फक्त दोन्ही फ्लूट १५० ऐवजी १२० जीएसएमचे टाका. बाहेरून खोकं तसंच दिसतं. रंग तोच, जाडी हाताला तेवढीच लागते. वजन मात्र ४९५ ग्रॅम होतं. पंचावन्न ग्रॅम कागद, म्हणजे खोक्यामागे तीन-साडेतीन रुपये, गेले, आणि मेसेजमधल्या एका शब्दाचाही भंग झाला नाही. पहिल्याचे बत्तीस रुपये इथूनच आले होते. त्याला फोन करून विचारलं तर त्यानं लपवलं नाही. “साहेब, तुम्ही फाइव्ह प्लाय म्हणालात, मी फाइव्ह प्लायच धरलं की.” यावर त्याला काय म्हणणार?

दुसरा घोळ मापाचा. पाच प्लायच्या शीटची जाडी साधारण सात मिलिमीटर असते. ३७५ × २८५ × १४५ हे माप आतलं धरायचं की बाहेरचं, हे लिहिलं नाही, तर चौथ्यासारखा कुणीतरी ते बाहेरचं धरतो. लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंच्या जाड्या मिळून चौदा मिलिमीटर जातात. उंचीत जास्त जातात, कारण वर आणि खाली दोन-दोन झडपा एकावर एक येतात. तिथे अठ्ठावीस मिलिमीटर गेले. म्हणजे आतली उंची उरते ११७. आमची बाटली झाकणासकट १४० मिलिमीटर उंच आहे. अशी खोकी आली तर झडपा मिटायच्या राहतील. म्हणून खोक्याचं माप देताना ‘आतलं’ हा शब्द आणि लांबी, रुंदी, उंची हा क्रम लिहावाच लागतो. त्याशिवाय बाटलीचा व्यास आणि उंचीही मी लिहायला सांगतो: व्यास ९०, उंची १४०. म्हणजे बॉक्सवाला स्वतः पडताळून पाहतो आणि आपली चूक असेल तर तोच आधी फोन करतो.

उंचीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो. काचेच्या भरलेल्या बाटल्यांच्या खोक्यात वरच्या थप्पीचा बराचसा भार बाटल्या स्वतः घेतात, पण त्या खोक्याच्या उंचीशी जवळजवळ भिडत असतील तरच. गोदामात सहा खोकी एकावर एक असली की तळाच्या खोक्यावर पाच भरलेल्या खोक्यांचं, म्हणजे साधारण ७० किलोंचं ओझं असतं. बाटलीच्या डोक्यावर पाच मिलिमीटर जागा असेल तर पुठ्ठा थोडा दबतो आणि भार काचेवर जातो. तीस मिलिमीटर मोकळी असेल तर सगळं पुठ्ठ्यावर येतं आणि पावसाळ्यात खोकं कोपऱ्यांतून बसतं. ‘उंची थोडी जास्त ठेवा, बसायला सोपं’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, आणि प्रत्येक जण मला नवा माणूस असल्यासारखं समजावतो की जागा थोडी जास्त असलेली बरी.

मग पार्टिशन. बारा बाटल्यांना चार बाय तीन खाने लागतात. त्यासाठी तीन आडव्या पट्ट्या आणि दोन उभ्या, तीन प्लायच्या. ‘बॉक्स’ म्हटलं की पार्टिशन त्यात आलंच, असं दुसरा धरतो. पहिला धरत नाही आणि तिसरा त्याचंही वजन करतो. काच एकमेकांवर आदळू नये म्हणून त्या पाच पट्ट्यांवर आमचं सगळं अवलंबून आहे, आणि नेमक्या त्यांचाच उल्लेख इन्क्वायरीत कुठे नसतो. छपाईचा ठसा, म्हणजे स्टिरिओ, त्याचंही तेच. कुणी तो भावात घालतो, कुणी एकदाच वेगळे पैसे घेतो, आणि ऑर्डर संपल्यावर ठसा कुणाचा हे ऑर्डर देताना ठरलेलं नसतं. दुसरीकडे गेलात की कळतं, की ठसा पहिल्याच्या कपाटात आहे.

तर ती दुपार. चारही भाव एका खोक्यावर आणायचे: पाचही थर १५० जीएसएम, १८ बीएफ, पार्टिशनसह, छपाईसह, आमच्या दारात उतरवलेलं. कर चौघांचाही वेगळा असल्यामुळे तो बाजूला ठेवला. आम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तुलनेत तो धरायचं कारण नाही. ज्यांना क्रेडिट मिळत नाही, कंपोझिशनमध्ये असलेले छोटे उद्योग वगैरे, त्यांनी मात्र करासकटच तुलना करायला हवी.

पहिल्याचे बत्तीस रुपये ४९५ ग्रॅमचे होते, म्हणजे किलोला जवळजवळ ६५ पडले. त्याच भावानं ५५० ग्रॅमचं खोकं साडेपस्तीसला जातं. पार्टिशनचे त्यानं साडेसात सांगितले. कोल्हापूरहून टेंपो छत्तीसशे घेतो, दोन हजार खोक्यांवर तो १ रुपया ८० पैसे येतो. एकूण ४४ रुपये ८० पैसे. काकांच्या यादीत जो सगळ्यात वर होता, तो दुसऱ्यापेक्षा महाग निघाला. दुसऱ्याचे ४३ रुपये जसेच्या तसे राहिले, कारण त्यानं सगळं धरलेलं होतं. तिसऱ्याचं खोकं ५५० ग्रॅमला ३४ रुपये १० पैसे, पार्टिशन ९० ग्रॅमला ५ रुपये ५८ पैसे, टेंपो १ रुपया ८० पैसे, म्हणजे ४१ रुपये ४८ पैसे. त्यात ठशाचे अडीच हजार दोन हजार खोक्यांवर वाटले की सव्वा रुपया वाढतो आणि ४२ रुपये ७३ पैसे होतात. चौथ्याला आतल्या मापानं पुन्हा भाव विचारला. त्याला शीट मोठं लागणार होतं आणि ठशाचे पैसेही वेगळे हवे होते. त्याचा आकडा पंचेचाळीसच्या पुढे गेला.

उरले दुसरा आणि तिसरा, आणि त्यांच्यात २७ पैसे. इथे पैसे कधी द्यायचे हे भावाइतकंच महत्त्वाचं ठरलं. दुसरा माल पोहोचल्यावर ४५ दिवस थांबतो. तिसरा निम्मे आधी घेतो आणि निम्मे माल देताना. बँकेचं व्याज वर्षाला बारा टक्के धरलं तर हा फरक खोक्यामागे सुमारे सत्तर पैसे होतो. म्हणजे पहिल्या ऑर्डरीला दुसरा स्वस्त. पण पुढच्या ऑर्डरीला तिसऱ्याचा ठशाचा सव्वा रुपया निघून जातो आणि सत्तर पैसे व्याज धरूनही तो साधारण ऐंशी पैशांनी स्वस्त पडतो. तेव्हा ‘सगळ्यात कमी कोण’ याचं उत्तर, ही खोकी आपण एकदाच घेणार की वर्षभर घेणार, यावर आलं. ते काकांना माहीत होतं. बॉक्सवाल्यांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभराची खरेदी सांगितली असती तर तिसऱ्यानं कदाचित ठशाचे पैसे घेतलेच नसते.

हे सगळं इन्क्वायरीत आधी लिहायला पंधरा मिनिटं लागतात. मी जे लिहितो ते असं असतं, आणि चौघांना शब्दशः तेच जातं:

‘लोणच्याच्या १२ काचेच्या बाटल्यांसाठी (व्यास ९० मिमी, उंची १४० मिमी, भरलेल्या बाटलीचं वजन सुमारे १.१ किलो) पाच प्लाय खोकं. आतलं माप, लांबी × रुंदी × उंची: ३७५ × २८५ × १४५ मिमी. पाचही थर १५० जीएसएम, १८ बीएफ क्राफ्ट. रिकाम्या खोक्याचं अपेक्षित वजन ५५० ग्रॅम, ५ टक्के कमी-जास्त चालेल. बर्स्टिंग स्ट्रेंग्थ किमान १०. तीन प्लाय पार्टिशन, ४ × ३ खाने, पट्टीची उंची १३५ मिमी. एका रंगात दोन बाजूंना छपाई, नमुना सोबत जोडला आहे. पहिली ऑर्डर २००० नग, एकाच खेपेत. वर्षभरात अशा चार-पाच ऑर्डरी अपेक्षित. माल कुपवाड एमआयडीसीत आमच्या दारात. उतरवायला माणसं आमची. बिलाचे पैसे माल मिळाल्यापासून ३० दिवसांत.

दर खालच्या ओळींत वेगवेगळे भरून द्यावेत: खोकं, प्रति नग. पार्टिशन, प्रति संच. ठसा, एकरकमी, आणि तो कुणाच्या मालकीचा. वाहतूक, पूर्ण खेपेची. जीएसटी, टक्के. ऑर्डरीनंतर किती दिवसांत माल. दर किती दिवस कायम.

वर विचारलं आहे त्याचाच दर आधी द्यावा. वेगळा कागद किंवा वेगळी अट सुचवायची असेल तर ती खाली पर्याय म्हणून स्वतंत्र लिहावी. शंका असतील तर शुक्रवारपर्यंत विचाराव्यात. उत्तर चौघांनाही एकदमच कळवलं जाईल. मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत दर द्यावेत.’

यातली जी ओळ मला सगळ्यात प्रिय आहे आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, ती शेवटच्या परिच्छेदाच्या सुरुवातीची: आधी विचारलेलं, मग पर्याय. ती नसेल तर हुशार बॉक्सवाला आपला चांगला पर्यायच मूळ दर म्हणून देतो. एकदा एकानं लिहिलं, पाचही थर १४० जीएसएम, २० बीएफ. हिशेबानं त्याची बर्स्टिंग ११.२ येते, म्हणजे आमच्या १०.८ पेक्षा जास्त, आणि खोकं ५१५ ग्रॅमच्या आत. कागद कमी, ताकद जास्त, भावही कमी. चांगली सूचना होती. पण ती मूळ दराच्या ओळीत आल्यामुळे इतर तिघांशी तिची तुलना करता येईना, आणि इतरांना तोच कागद विचारावा तर एकाची कल्पना मी दुसऱ्याला वाटल्यासारखं झालं असतं. पर्यायाच्या ओळीत आली असती तर मूळ दरावर तुलना झाली असती आणि त्याची सूचना त्याच्याच नावावर राहिली असती.

दर किती दिवस कायम, हाही प्रश्न शोभेचा नाही. क्राफ्ट कागदाचे भाव हलतात. काही बॉक्सवाले दोन आठवड्यांपेक्षा जास्त शब्द देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. पण एक जण आठवडाभर बांधील असेल आणि दुसरा महिनाभर, तर त्यांचे भाव सारखे दिसले तरी सारखे नाहीत. विशेषतः आमच्याकडे, जिथे भाव आल्यावर काका दोन आठवडे विचार करतात.

पैशाच्या मुदतीबद्दलही सांगतो, कारण आमच्या ओळखीच्या काही कारखान्यांतून ‘९० दिवस’ असं छापील लिहून जातं. बहुतेक बॉक्सवाले सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे, लेखी करार केला तरी, ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत. ९० दिवस लिहिलं की समजूतदार माणूस भाव वाढवून देतो आणि हुशार माणूस उत्तरच देत नाही. मग चारपैकी दोनच दर येतात आणि कारखानदार म्हणतो, बाजारात माणसंच उरली नाहीत.

लांबलचक इन्क्वायरी हा मात्र उपाय नाही, आणि त्या दुसऱ्या टोकाबद्दलही माझी तक्रार आहे. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची इन्क्वायरी मिरजेच्या बॉक्सवाल्यानं मला दाखवली. चौदा पानं होती. एका पानावर १५० जीएसएम, १८ बीएफ मागितलं होतं आणि पुढे कुठेतरी बर्स्टिंग किमान १४. हे दोन्ही पाच प्लायच्या एकाच खोक्यात होऊच शकत नाही; वर केलेला हिशेब पाहा. ते पान कुणीतरी जुन्या फायलीतून उचललेलं होतं. बॉक्सवाला म्हणाला, “मी १४ धरून भाव दिला तर महाग दिसतो, १८ बीएफ धरून दिला तर मालाच्या वेळी परत करतील.” शेवटी त्यानं दिलाच नाही. कागद ठरवून सांगा किंवा ताकद ठरवून सांगा. दोन्ही सांगायचे असतील तर आधी कागदावर ताडून पाहा.

आता तुलनेत न येणारं एक राहतं, ते मान्य करायला हवं. बर्स्टिंग म्हणजे फुटायला किती जोर लागतो. थप्पीत खोकं किती दबेल, हे वेगळं माप आहे, त्यासाठी खोकं आख्खं दाबून पाहतात. आमच्याकडे बाटल्या भार घेतात म्हणून मी बर्स्टिंगवर भागवतो. बिस्किटं किंवा पापड भरणाऱ्यानं तसं भागवू नये. त्याच्या आतला माल भार घेत नाही आणि सगळं खोक्यावर असतं. त्यानं दाबाचं माप मागावं, नाहीतर १४० जीएसएमच्या पर्यायासारखा हलका कागद थप्पीत फसवू शकतो.

आणि वजन. माल आला की दहा खोकी काट्यावर टाकायची, एवढंच. काटा सगळ्या कारखान्यांत असतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन वजन थोडं वाढतं, त्यामुळे जूनमध्ये ५५५ भरलं म्हणजे कागद जास्त टाकला असं नाही. पण ५०० भरलं तर फ्लूट बदललेत हे जवळजवळ नक्की. शंका असेल तर खोक्याचा एक तुकडा पाण्यात भिजवून थर सुटे करायचे, वाळवायचे आणि प्रत्येकाचं वजन मापाच्या चौकटीत करायचं. हे घरच्या घरी होतं. बर्स्टिंगला मात्र यंत्र लागतं. ते बहुतेक बॉक्सवाल्यांकडेच असतं, म्हणून त्यांच्यासमोर जाऊन करून घेतो किंवा प्रयोगशाळेत पाठवतो. हे सगळं होऊ शकतं, कारण इन्क्वायरीत ५५० लिहिलं होतं. नुसतं ‘५ प्लाय’ लिहिलं असतं तर ४९५ भरलेलं खोकंही बरोबरच ठरलं असतं आणि बोलायला तोंड उरलं नसतं.

काकांना हे सगळं एकदा टेबलावर मांडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिसऱ्याला वर्षाची ऑर्डर द्यायचं ठरवलं, आणि जाता जाता म्हणाले, “पण त्या पहिल्याला एकदा विचार ना, बत्तीसमध्ये करतो का.” पहिल्याला मी विचारलं नाही. त्याला, दुसऱ्याला आणि चौथ्याला मी कळवलं, की या वेळी ऑर्डर दुसरीकडे गेली, आणि का गेली. ते कळवलं की पुढच्या वेळी ते वेळेवर आणि पूर्ण भरून दर देतात. ज्यांना ऑर्डरही जात नाही आणि निरोपही जात नाही, ते पुढच्या वेळी ‘३२ रुपये, जीएसटी एक्स्ट्रा’ एवढंच लिहितात.